छेद कुठे आहे?

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन मॅटवर बसलं तरी चालेल. जमिनीवर बसायचं आपल्याला कुणी शिकवायला नको.

मला आज तीन गोष्टींवर बोलायला सांगितलंय. जिमसमोर किंवा खासगी क्लायंटसमोर आपली सर्टिफिकेटं कशी मांडायची, क्लायंटना काय फरक पडला ते कसं सांगायचं आणि आपण बॅच कशी घेतो ते कसं दाखवायचं. मी सोळा वर्षं शिकवते आहे, निम्मा वेळ योग आणि निम्मा वेळ वजनं. त्यातली गेली सात वर्षं नव्या ट्रेनरना कामावर घ्यायचं की नाही हेही मलाच ठरवावं लागतं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आणि त्यातून एकच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. ती आधी सांगते, मग तिन्ही विषय घेते. क्रम थोडा बदलणार आहे, कारण मधला विषय माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे.

शाळेत अपूर्णांक शिकवताना बाई सांगायच्या, रेघेच्या वर अंश, रेघेच्या खाली छेद. आपल्याकडे सगळे अंश सांगतात. "माझ्या दहा क्लायंटना फरक पडला." दहा हा अंश झाला. किती जणांपैकी दहा? बारापैकी की सव्वाशेपैकी? बारापैकी दहा असतील तर मी त्या ट्रेनरला उद्या सकाळच्या बॅचला बोलावीन. सव्वाशेपैकी दहा असतील तर बाकीच्या एकशे पंधरांचं काय झालं ते मला आधी ऐकायचंय. अर्ज हातात आला की मी पहिल्यांदा रेघेच्या खाली बघते, आणि दहातल्या नऊ अर्जांत तिथे काहीच नसतं.

हे माझ्या मनाला इतकं का लागलं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी साठीच्या पुढच्या मंडळींसाठी बारा आठवड्यांची एक बॅच घेतली होती. आठवड्यातून दोनदा, म्हणजे एकूण चोवीस सत्रं. खुर्चीवरून उठणं, पायरी चढणं, भिंतीवर हात टेकून पुशअप, एका पायावर तोल सांभाळणं, शेवटी थोडं प्राणायाम. सुरुवातीला अठरा जण आले. त्यांचा पायांचा जोर किती आहे हे बघायला मी तीस सेकंदांची खुर्चीची चाचणी घेतली. तुमच्यातल्या काहींना ती माहीत असेल, तरी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

हात नसलेली साधी खुर्ची घ्यायची, बैठकीची उंची सुमारे ४३ सेंटीमीटर. ती भिंतीला टेकवायची, म्हणजे मागे सरकणार नाही. माणसाने बैठकीच्या मधोमध बसायचं, पाठ ताठ, तळपाय जमिनीवर, हात छातीवर आडवे, मनगटाशी एकमेकांवर. "सुरू" म्हटल्यावर पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, आणि तीस सेकंदांत असं किती वेळा होतं ते मोजायचं. वेळ संपताना माणूस अर्ध्याहून जास्त उठलेला असेल तर ते उठणं धरायचं. हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य लिहायचं. एवढंच. ही चाचणी रिक्ली आणि जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी बसवलेल्या चाचण्यांपैकी एक आहे, आणि जगभर वापरली जाते. तिला लागतं काय, तर खुर्ची आणि घड्याळ.

आता यात एक गोम आहे. पहिल्यांदा चाचणी देणारा माणूस बिचकतो. खुर्चीवर नीट बसता येईल का, गुडघा दुखेल का, लोक बघतायत, असं सगळं मनात असतं. दुसऱ्यांदा तोच माणूस काहीही व्यायाम न करता एक-दोनने जास्त उठतो, कारण त्याला आता पद्धत कळलेली असते. म्हणून मी पहिल्या दिवशी सगळ्यांना दोनदा सरावाने उठ-बस करायला लावलं आणि मग मोजलं. तीन दिवसांनी, एकही सत्र घेण्याच्या आधी, पुन्हा मोजलं. बहुतेकांचा आकडा तोच आला किंवा एकने इकडे-तिकडे झाला. त्यावरून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की या बॅचमध्ये एकचा फरक हा फरक म्हणायचा नाही. दोन किंवा जास्त असेल तरच बोलायचं. मोजमापाची चूक किती आहे हे आधी मोजणं म्हणतात ते हेच. अर्धा तास जातो, पण पुढे कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं.

बारा आठवड्यांनी तेरा जण राहिले. त्या तेरांचे फरक मी तुम्हाला जसेच्या तसे वाचून दाखवते, वही बरोबर आणली आहे. सहा, पाच, चार, चार, तीन, तीन, तीन, दोन, दोन, दोन, एक, शून्य, आणि एका आजोबांचा उणे एक. मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावले की बरोबर मधला, म्हणजे सातवा आकडा तीन येतो. सरासरी काढली तर अडीचच्या थोडी वर. दोन किंवा जास्तने वाढलेले दहा जण. उरलेले तीन एकच्या आत, म्हणजे माझ्या नियमाने "होते तसेच".

मी हे एका पानावर लिहिलं आणि ज्या जिममध्ये ती बॅच चालायची तिथल्या व्यवस्थापकांना दिलं. वर लिहिलं, सुरुवातीला अठरा, शेवटी तेरा, पाच का गेले ते खाली. मधला बदल तीन. खूप मन लावून लिहिलं होतं ते पान.

पंधरा दिवसांनी जिमच्या दारावर मोठा फलक लागला. त्यावर माझा फोटो आणि खाली, "साठीनंतरही पायांची ताकद ७५ टक्क्यांपर्यंत वाढवा!"

हा ७५ कुठून आला ते मला क्षणभर कळलंच नाही. मग वही उघडली. सहाने वाढलेल्या ज्या बाई होत्या, त्या सुरुवातीला आठ वेळा उठल्या होत्या आणि शेवटी चौदा वेळा. आठाचे सहा म्हणजे ७५ टक्के. अठरा माणसांमधून एक बाई उचलली, तिच्या आकड्याचे टक्के केले आणि पुढे "पर्यंत" जोडलं. "पर्यंत" या शब्दाने खोटं काहीच ठरत नाही. पण वाचणारा माणूस ७५ वाचतो, "पर्यंत" वाचत नाही.

मी आत जाऊन भांडले. ते म्हणाले, "मॅडम, आकडा तुमच्याच कागदातला आहे." आणि खरंच होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या पानातला छेद त्यांनी काढून टाकला होता आणि अंश ठेवला होता. फलक दोन महिने तसाच राहिला.

आता त्या फलकामुळे काय झालं ते ऐका. पुढच्या बॅचला एक काकू आल्या, सत्तरीच्या. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. पहिल्या दिवशी त्या सहा वेळा उठल्या. एकही सत्र न चुकवता बारा आठवडे आल्या. शेवटच्या दिवशी आठ वेळा उठल्या. मी तर खुश झाले. सहाचे आठ, काठी घरी ठेवून, पट्टा काढून. मी आकडा वहीत लिहिला आणि वर बघितलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "बाहेर पंच्याहत्तर लिहिलं होतं. माझं तर त्याच्या निम्मंही नाही झालं. माझं काही चुकलं का गं?"

काठी टाकून चालणाऱ्या बाईला आपण नापास झालो असं वाटत होतं. तेव्हापासून मी टक्के लिहिणं बंद केलं. माझ्या कुठल्याही पानावर तुम्हाला टक्के दिसणार नाहीत. चारचे सात झाले तरी ७५ टक्के होतात आणि सोळाचे एकोणीस झाले तर जेमतेम १९ टक्के. वाढ दोन्हीकडे तीनच. लहान आकड्यावरून चढलेला माणूस टक्क्यांत राक्षस दिसतो आणि आधीपासून धट्टाकट्टा असलेला कुचकामी दिसतो. म्हणून मी "आठवरून चौदा" असं लिहिते. दोन्ही टोकं दिसली पाहिजेत.

(पाणी ठेवलंय ना इथे? हो, मिळालं.)

तर आता त्याच बॅचचं पान मी आज कसं लिहिते ते सांगते. तुम्ही घरी जाऊन तुमच्या एका बॅचचं असं पान करून बघा.

पहिली ओळ: कोण माणसं होती. "साठ ते अठ्ठ्याहत्तर वयाची, स्वतः चालत येऊ शकणारी, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटलेली अठरा माणसं." ही ओळ नसली की पुढच्या आकड्याला अर्थ उरत नाही. पंचविशीतल्या मुलांच्या पुशअपचा आकडा पंचाहत्तरीच्या माणसाला काय सांगणार?

दुसरी ओळ: काय केलं आणि किती जणांनी खरोखर केलं. "बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पंचेचाळीस मिनिटं. राहिलेल्या तेरा जणांची हजेरी चोवीसपैकी सतरा ते चोवीस सत्रं." हजेरी लिहायला आपले लोक विसरतात. पण व्यवस्थापकाला सगळ्यात आधी तीच हवी असते. कारण माणसं टिकतात की नाही, हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

तिसरी ओळ: गेलेले पाच कुठे गेले. हे लिहायला धीर लागतो. माझ्याकडे दोघांच्या घरच्या वेळा जुळेनात, एक जण मध्येच आजारी पडले, एकांचा गुडघा चौथ्या आठवड्यात दुखायला लागला आणि मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, आणि एक जण फोनच उचलेनात. गुडघ्याचं मी लपवलं असतं तर पान छान दिसलं असतं. पण मुलाखत घेणाऱ्या माझ्यासारख्या बाईला त्याच ओळीवरून कळतं की या ट्रेनरला कधी थांबायचं ते कळतं. दुखत असताना रेटलं नाही, पाठवून दिलं. मी त्या ओळीवरून माणसं निवडली आहेत.

चौथी ओळ: मोजलं कसं. तीच खुर्ची, तीच वेळ, आधी सराव, मोजणारी व्यक्ती कोण. शक्य असेल तर शेवटची मोजणी सहकाऱ्याला करायला लावा. आपणच शिकवायचं आणि आपणच मोजायचं म्हटलं की अर्धवट उठणंसुद्धा आपल्याला पूर्ण दिसायला लागतं. मुद्दाम नाही होत हे, पण होतं.

आणि मग निकाल. "तेरापैकी दहा जणांत दोन किंवा जास्तने वाढ, तिघे होते तसेच, मधला बदल तीन." सुरुवातीच्या अठरांपैकी बघायचं तर दहा. मी दोन्ही छेद लिहिते, तेरा आणि अठरा. वाचणाऱ्याला कुठला धरायचा ते त्याने ठरवावं.

आता लोक म्हणतात, "मॅडम, एवढं लिहिलं तर आमचं काम छोटं दिसेल." मी सांगते, बाजूच्या अर्जात "असंख्य क्लायंटचं आयुष्य बदललं" असं लिहिलेलं असतं. मी दोन्ही अर्ज वाचते. तुमच्या पानावर प्रश्न विचारायला जागा असते, त्याच्या पानावर नसते. खासगी क्लायंटचंही तसंच. तो हिशेब मांडून बघत नाही, पण त्याला वास येतो. "अठरा आले, तेरा राहिले" असं सांगणारा ट्रेनर त्याला आपल्यासारखा माणूस वाटतो.

एक फाटा फोडते, कारण याच जागी आपल्यातले भले भले घसरतात. दुखण्याचे आकडे. योगवाल्यांच्या पानांवर हमखास असतं, "पाठदुखी दहापैकी आठवरून तीनवर आली." मी नाही म्हणत की ती आली नसेल. पण विचार करा, माणूस पाठीसाठी तुमच्याकडे कधी येतो? दुखणं सगळ्यात वाईट असतं तेव्हा. बरं असताना कोण येतं? पाठीचं दुखणं चढतं आणि उतरतं. चढलेल्या टोकावर आलेला माणूस काहीही न करताही महिन्याभरात बऱ्याचदा खाली येतो. त्या उतरण्यात तुमच्या आसनांचा वाटा किती आणि काळाचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. म्हणून मी दुखण्याचा आकडा एकटा लिहीतच नाही. लिहायचाच तर बरोबर तो माणूस आता काय करू शकतो ते लिहिते. मोजे घालायला वाकता येतं, अर्धा तास सलग बसता येतं. आणि "बरी केली" हे क्रियापद तर माझ्या वहीतून हद्दपार आहे. निदान आणि उपचार आपल्या परवान्यात नाहीत.

फोटोंबद्दल एकच सांगते, आधीचा आणि नंतरचा. प्रकाश बदलला, पोट आत घेतलं, सकाळी उपाशीपोटी काढला की एका दिवसातही "फरक" दिसतो. मला फोटो पाठवू नका. क्लायंटने लेखी परवानगी दिलेली नसेल तर मुळीच नको. आणि शरीरातली चरबी सांगणारी ती पाय ठेवून उभं राहायची यंत्रं! त्यातून बारीक वीजप्रवाह जातो आणि अंगातल्या पाण्यावरून यंत्र अंदाज बांधतं. माणूस घामाघूम होऊन उभा राहिला की आकडा वेगळा, दोन ग्लास पाणी पिऊन उभा राहिला की वेगळा. वापरायचंच असेल तर तेच यंत्र, तीच वेळ, व्यायामाच्या आधी, आणि दशांशातल्या फरकावर नाचायचं नाही.

सर्टिफिकेटांकडे येते. घड्याळ मला दिसतंय.

इथेही माझा तोच प्रश्न. एक मुलगा माझ्याकडे जाड फाइल घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पाकिटांत अकरा सर्टिफिकेटं. मी ती टेबलावर चार गठ्ठ्यांत मांडली. त्याला राग आला असेल, पण नंतर तो माझ्याकडे चार वर्षं टिकला. पहिला गठ्ठा हजेरीचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलात, बसलात, कागद मिळाला. त्यात सहा होती. दुसरा गठ्ठा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा. ज्यांनी शिकवलं त्यांनीच शेवटी "झालं" म्हटलं. त्यात तीन. तिसरा गठ्ठा खऱ्या अर्थाने प्रमाणपत्राचा. काय यायला हवं ते आधी ठरलेलं, परीक्षा स्वतंत्रपणे घेतलेली, मुदत असलेली, मुदतीत पुढचं शिक्षण घेतलं नाही तर रद्द होणारी. त्यात एक. उरलेलं एक चौथ्या गठ्ठ्यात, नोंदणी.

हे चार प्रकार अर्जात एकाच यादीत एकाखाली एक लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं, तुम्हाला फरक माहीत नाही किंवा माहीत असून झाकताय. दोन्ही वाईट.

तिसऱ्या गठ्ठ्याबद्दल थोडं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेवरही कुणाची तरी नजर असते का, हे विचारायला शिका. एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए यांच्या वैयक्तिक प्रशिक्षकाच्या परीक्षांना एनसीसीए या मंडळाची मान्यता आहे. माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ही नावं पाठ करायची गरज नाही. तुमच्या संस्थेवर कोणाची नजर आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. कोणाचीच नसेल तर तसंही सांगा, आणि बरोबर किती तास प्रत्यक्ष शिकवलं ते सांगा. त्यालाही किंमत आहे.

नोंदणीत सगळ्यात जास्त घोळ योगवाल्यांचा होतो. आरवायटी-२०० म्हणजे तुम्ही योगा अलायन्सकडे नोंदवलेल्या शाळेत दोनशे तासांचं शिक्षण पूर्ण केलं आणि मग त्यांच्याकडे नाव नोंदवलं. शिकवलं आणि तपासलं शाळेने. म्हणून "योगा अलायन्सने प्रमाणित" असं लिहू नका, "योगा अलायन्सकडे नोंदणीकृत, शिक्षण अमुक शाळेत" असं लिहा. त्याच्यापुढे ई जोडायचा, म्हणजे ई-आरवायटी-२०० म्हणवायचं, तर एक हजार तास शिकवलेलं असावं लागतं आणि शिक्षण संपून किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात. ते एक हजार तासच मला हवे असतात. आणि या नोंदणीच्या जोरावर स्वतःला "योगोपचारक" म्हणवू नये असं खुद्द योगा अलायन्सनेच २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. उपचाराचा अभ्यास वेगळा असतो.

तर प्रत्येक सर्टिफिकेटाची एक ओळ: नाव, देणारा कोण, चारपैकी कुठला प्रकार, कधी मिळालं, कधीपर्यंत चालू आहे, आणि तपासायचा क्रमांक. मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून तपासता येतं. मी तपासते. तुम्ही क्रमांक स्वतःहून दिलात की मला ते करावंसं वाटण्याआधीच माझं समाधान झालेलं असतं. मुदत संपली असेल तर "२०२३ पर्यंत चालू होतं, नूतनीकरणाची परीक्षा अमुक महिन्यात" असं लिहा. मुदत संपलेलं सर्टिफिकेट चालू म्हणून दाखवणं, ही एकच गोष्ट आहे जिच्यावरून मी मुलाखत तिथेच थांबवते. आणि हृदय बंद पडलं तर छाती दाबायचं जे सीपीआरचं सर्टिफिकेट असतं, ते साधारण दोन वर्षांचं असतं आणि पुतळ्यावर प्रत्यक्ष दाबून घेतलेलं असावं लागतं. नुसता व्हिडिओ बघून मिळालेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही. ते यादीच्या सगळ्यात वर लिहा.

त्या मुलाची अकरा सर्टिफिकेटं शेवटी सहा ओळींत बसली. हजेरीची सहा आम्ही एका ओळीत गुंडाळली, "कार्यशाळा: सहा, यादी मागितल्यास देईन." त्याला वाटलं आपलं कमी झालं. मी म्हटलं, अरे, आता मला तुझं ते एक खरं सर्टिफिकेट दिसलं तरी.

आयोजकांनी बोट वर केलंय, म्हणजे दहा मिनिटं. बॅचचं राहिलंय. भरभर घेते.

बॅच दाखवताना "पॉवर फ्लो", "सर्वांसाठी योग" अशी नावं नका देऊ, मिनिटं द्या. माझ्या ज्येष्ठांच्या बॅचचं असं आहे: पाच मिनिटं हजेरी आणि आज काही दुखतंय का ते विचारणं, आठ मिनिटं वॉर्म-अप, चोवीस मिनिटं मुख्य काम, आठ मिनिटं कूलडाऊन आणि श्वास. झाली पंचेचाळीस. मुख्य कामात कोणते व्यायाम, प्रत्येकाची सोपी आवृत्ती आणि कठीण आवृत्ती, आणि जोर किती लावायचा. तो शून्य ते दहाच्या मापात लिहा, "पाच-सहाला थांबायचं, बोलता आलं पाहिजे."

छेद इथेही आहे, आणि तो म्हणजे माणसं. वीस जणांच्या बॅचला "प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष" असं लिहिणारे अर्ज येतात. चोवीस मिनिटं भागिले वीस. एका माणसाच्या वाट्याला बहात्तर सेकंद येतात, तेही तुम्ही एकदाही पुढे उभं राहून दाखवलं नाही तर. मी माझ्या या बॅचला दहा माणसांची मर्यादा घालते आणि तसं लिहिते. अकरावा आला तर दुसरी वेळ. पहिल्या बॅचला अठरा होते, तेव्हा मी त्यांचे दोन गट केले होते, हे सांगायचं राहिलंच.

जिमला वेगळं पान आणि खासगी क्लायंटला वेगळं. बॅच तीच असली तरी दोघांचे प्रश्न वेगळे. जिमला हवं असतं: किती माणसं, किती जागा, कुठलं साहित्य, मांडायला-आवरायला किती मिनिटं, आणि तुम्ही आजारी पडलात तर दुसरा ट्रेनर हे पान बघून बॅच घेऊ शकेल का. हा शेवटचा प्रश्न फार कमी लोकांना सुचतो. आपल्याशिवाय बॅच चालू शकते हे दाखवलं तर आपली गरज संपेल अशी भीती असते. अनुभव उलटा आहे. ज्या ट्रेनरचं पान दुसऱ्याला वापरता येतं त्याला मी एकाच्या तीन बॅच देते.

खासगी क्लायंटला साहित्याशी देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं: पहिल्या तासात माझं काय होणार. ते लिहा. आधी प्रश्नावली, छाती, चक्कर, औषधं, जुन्या दुखापती यांची. "हो" असेल तिथे आधी डॉक्टरांचा होकार. मग दोन-तीन मोजण्या, मग वीस मिनिटं हलका व्यायाम, मग पुढच्या चार आठवड्यांचा बेत. आणि चार आठवड्यांनी पुन्हा त्याच मोजण्या, ही तारीख पहिल्याच दिवशी ठरवा. कोणी येऊ नये तेही लिहा. माझ्या पानावर आहे, "शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या टप्प्यात ही बॅच घेऊ नये, आधी फिजिओथेरपिस्टकडे जावं." त्या ओळीमुळे माझ्याकडे फिजिओथेरपिस्टच माणसं पाठवायला लागले.

आणखी एक, तालिका आणि हजेरीपत्रक... नाही, बोट पुन्हा वर झालं. थांबते.

एवढंच करते. माझी पानं, ज्येष्ठांच्या बॅचची आणि सर्टिफिकेटांची, इथे टेबलावर ठेवली आहेत. नावं काढून टाकली आहेत. फोटो काढून घ्या, पण पहिली ओळ कापू नका. ती खुर्ची भिंतीला टेकवलेली आहे, ४३ सेंटीमीटर मोजून आणली आहे. दोन-दोन जण या. एकाने उठायचं, एकाने मोजायचं, मग बदलायचं. आणि अर्धवट उठलात तर तुमचा जोडीदार तो धरतो की नाही, तेवढं मला सांगून जा.